मोतीबिंदू शस्त्रक्रियेची व्याप्ती काढताना या चुका टाळा

मोतीबिंदू शस्त्रक्रियेची व्याप्ती म्हणजे ज्यांना या ऑपरेशनची गरज होती, त्यांतल्या किती जणांचं ते झालं याचं प्रमाण. तालुका तोच, फॉर्म तेच, माणसंही तीच. तरी मोतीबिंदू शस्त्रक्रियेची व्याप्ती एक जण ८६ टक्के सांगतो, दुसरा ५५ आणि तिसरा ४०. तिघांनीही बेरीज-भागाकार बरोबर केलेला असू शकतो. फरक पडतो तो कोणाला धरलं, कोणाला सोडलं आणि किती दिसणाऱ्याला ‘दिसत नाही’ म्हटलं यावर. बीड, जालना, परभणीकडच्या पाहण्यांत ज्या चुका वारंवार दिसतात, त्यांतल्या बहुतेक याच जागी होतात. ८६ टक्के ऐकलं की पुढच्या वर्षीची शिबिरं कमी होतात आणि तांड्यावरची आजी तशीच चाचपडत राहते, म्हणून या चुकांबद्दल सविस्तर लिहितो आहे.

अशीच एक आजी समोर धरू. वय साठीच्या पुढचं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आत लेन्स आहे. डावीकडे मोतीबिंदू पूर्ण पिकलेला, हात हलवला तर तेवढा कळतो. विचारलं की म्हणते, “दिसतंय की, पण धूसर धूसर दिसायलंय.” ही आजी कोणत्या खान्यात जाईल, हेच पुढे पाहायचं आहे.

दृष्टी मोजताना

पन्नाशीच्या पुढच्या लोकांची जी झटपट पाहणी होते, जिला सगळे ‘रॅब’ म्हणतात, तिच्यात ई अक्षराचा तक्ता सहा मीटरवर धरतात. ई-चं तोंड कुठल्या बाजूला आहे ते माणसाने हाताने दाखवायचं, आणि पाचांपैकी चार वेळा बरोबर दाखवलं तर ती ओळ पास. काम सोपं वाटतं म्हणूनच घाईत बिघडतं. दोरी ढिली सुटते आणि सहाचे साडेपाच मीटर होतात. घरात अंधार असतो, किंवा तक्ता धरणाऱ्याच्या पाठीमागे ऊन असतं आणि पाहणाऱ्याचे डोळे दिपतात. आजी एक डोळा बोटांनी झाकते आणि फटीतून दुसऱ्याच डोळ्याने बघते. यावर उपाय एकच, अंगणात उजेडात उभं करायचं आणि झाकायचा डोळा पूर्ण तळव्याने झाकायला सांगायचा, बोटांनी नाही.

चष्म्याची चूक याहून मोठी आहे. पाहणीत आधी नोंदवायची ती रोजच्या स्थितीतली दृष्टी, म्हणजे माणूस लांबचा चष्मा वापरत असेल तर चष्म्यासह आणि नसेल तर तसाच. आजोबांचा चष्मा सदऱ्याच्या खिशात असतो, कोणी विचारत नाही आणि त्यांची दृष्टी उगीचच कमी लिहिली जाते. उलटही घडतं. कुणी पोथी वाचायचा जवळचा चष्मा लावून तक्त्यासमोर उभं राहतं, त्याने लांबचं आणखी धूसर होतं. “हा चष्मा लांबचं बघायला का वाचायला?” एवढा एक प्रश्न दर वेळी विचारायलाच हवा.

त्यानंतर पिनहोल, म्हणजे बारीक छिद्राची पट्टी, डोळ्यापुढे लावून पुन्हा मोजायचं, म्हणजे चष्म्याने किती सुधारेल याचा अंदाज येतो, आणि ते वेगळ्या रकान्यात लिहायचं. आपल्या आजीची उजव्या डोळ्याची नेहमीची दृष्टी ६/१८ आली, म्हणजे निरोगी डोळ्याला अठरा मीटरवरून दिसतं ते तिला सहा मीटरवरून दिसतं, आणि पिनहोलमधून ६/१२. घाईत पिनहोलचा आकडा पहिल्या रकान्यात गेला, तर आजीला चष्म्याची गरज आहे ही गोष्टच कागदावरून पुसली जाते.

अंध कोणाला म्हणायचं

अंधत्व माणसाचं मोजतात, डोळ्याचं नव्हे. बरा डोळा कोणता ते पाहायचं आणि त्याची रोजच्या स्थितीतली दृष्टी घ्यायची. ती ३/६० पेक्षा कमी असेल तर अंध, ६/६० पेक्षा कमी पण ३/६० पर्यंत असेल तर तीव्र दृष्टिदोष, ६/१८ पेक्षा कमी पण ६/६० पर्यंत असेल तर मध्यम, आणि ६/१२ पेक्षा कमी पण ६/१८ पर्यंत असेल तर सौम्य. ‘पेक्षा कमी’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. आजीचा बरा डोळा बरोबर ६/१८ चा, म्हणून ती सौम्य गटात जाते, मध्यम गटात नाही. तिचा डावा डोळा गेलाय म्हणून तिला ‘अंध’ लिहिलं, तर ती नोंद सरळ चुकीची ठरते.

भारतात २०१७ पर्यंत राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाची अंधत्वाची रेषा ६/६० ची होती, त्यानंतर ती जागतिक आरोग्य संघटनेच्या ३/६० शी जुळवली गेली. म्हणून २००६-०७ चा सुमारे १ टक्का आणि २०१५-१९ च्या पाहणीतला ०.३६ टक्का हे शेजारी शेजारी ठेवून ‘इतकं अंधत्व घटलं’ म्हणणं चूक आहे. घट झाली आहे, पण त्या दोन आकड्यांतला काही फरक मोजपट्टी बदलल्याचा आहे. जिल्ह्याच्या जुन्या-नव्या अहवालांची तुलना करतानाही आधी दोन्हीकडची रेषा तपासा.

कारण लिहितानाही एक नियम आहे. एका डोळ्यात दोन कारणं असतील तर ज्यावर उपाय सर्वांत सोपा तेच मुख्य कारण. थोडा मोतीबिंदू आहे पण पिनहोलने दृष्टी सुधारते, तर कारण चष्म्याचा नंबर. इथे टॉर्च मारून ‘पांढरं दिसतंय’ म्हणून सरसकट मोतीबिंदू लिहिला की शस्त्रक्रियेची गरज फुगते.

व्याप्ती मांडताना

पहिली चूक रजिस्टरवरून व्याप्ती काढण्याची. रुग्णालयाचं रजिस्टर डोळे मोजतं, एकाच माणसाचे दोन डोळे दोनदा येतात. शिवाय जालन्याचा रुग्ण छत्रपती संभाजीनगरला जातो आणि धाराशिवचा सोलापूरला. रजिस्टर सांगतं किती शस्त्रक्रिया झाल्या, किती गरजूंच्या राहिल्या हे सांगत नाही. ते घरोघरच्या पाहणीतूनच कळतं.

पाहणीतून माणसांची व्याप्ती काढायला तीन गट लागतात. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेले आणि दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदूमुळे ठरलेल्या रेषेपेक्षा कमी दिसणारे, त्यांना क म्हणू. दोन्ही डोळ्यांचं झालेले ते ख. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूमुळे त्या रेषेपेक्षा कमी दिसणारे आणि एकही ऑपरेशन न झालेले ते ग. ग ठरवताना पिनहोलची दृष्टी घ्यायची, कारण नुसत्या चष्म्याने भागणारा माणूस ऑपरेशनच्या रांगेत यायला नको.

```
व्याप्ती = (क + ख) ÷ (क + ख + ग) × १००
```

आता आकडे मांडून पाहू. हे आकडे केवळ समजण्यापुरते घेतलेले आहेत. रेषा ३/६० ची धरली तर क २४, ख ३६, ग १०. सत्तरपैकी साठ म्हणजे ८६ टक्के. तीच माणसं ६/१८ च्या रेषेने मोजली तर दुसऱ्या डोळ्याने अधू असलेले वाढून क ३० होतो, ख ३६ च राहतो, पण ग एकदम ५४ वर जातो. एकशेवीसपैकी ६६, म्हणजे ५५ टक्के. त्यामुळे रेषा न लिहिता नुसता ‘व्याप्ती ८६ टक्के’ असा आकडा अहवालात आला तर तो परत पाठवावा.

दुसरी चूक जास्त लपलेली असते. समजा आणखी १४ जण असे आहेत, ज्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय आणि दुसरा डोळा चांगला आहे. ‘ऑपरेशन झालेले’ म्हणून तेही मिळवले तर ६६ चे ८० होतात, एकूण १३४ आणि व्याप्ती ६० टक्के. पण ऑपरेशन झालं नसतं तरी या १४ जणांना चांगल्या डोळ्याने दिसलंच असतं, म्हणून माणसांच्या व्याप्तीत ते बसत नाहीत. आपली आजी मात्र क गटात बसते.

तिसरा प्रश्न परिणामाचा. ऑपरेशन झालं, पण दिसतं का? परिणामकारक व्याप्तीत वरच्या बाजूला तेवढेच धरतात, ज्यांना ऑपरेशन झालेल्या डोळ्याने रोजच्या स्थितीत ६/१२ किंवा अधिक चांगलं दिसतं. खालची संख्या तीच राहते. ६६ पैकी असे ४८ निघाले, तर १२० पैकी ४८ म्हणजे ४० टक्के. ही व्याप्ती २०३० पर्यंत ३० टक्के-अंकांनी वाढवायची, असं २०२१ च्या जागतिक आरोग्य सभेत ठरलं आहे. इथे पिनहोलचा आकडा वापरू नका, नाहीतर चष्मा न मिळालेली माणसंही यशस्वी ठरतात.

उरलेल्या १८ जणांचे फॉर्म बाजूला काढून बसा, सगळ्या पाहणीत मला हेच काम सर्वांत मोलाचं वाटतं. पिनहोलने ६/१२ पर्यंत येणारे वेगळे करा. समजा ते ९ आहेत, आजी त्यांतलीच. त्यांना ऑपरेशननंतरचा चष्मा मिळालेलाच नाही किंवा तो हरवलाय. तेवढे चष्मे दिले तर १२० पैकी ५७, म्हणजे ४० वरून साडेसत्तेचाळीस टक्के, तेही नवीन ऑपरेशन न करता. बाकीच्यांत कुणाचा लेन्समागचा पडदा काही महिन्या-वर्षांनी गढूळ झालेला असतो. त्यांना आधी बरं दिसत होतं, मग कमी झालं असं ते सांगतात, आणि लेझरने ते सुधारतं. कुणाला काचबिंदू असतो किंवा मधुमेहाने डोळ्याच्या मागचा पडदा खराब झालेला असतो, ते ऑपरेशनआधी तपासायला हवं होतं. आणि ज्यांना ऑपरेशननंतर कधीच नीट दिसलं नाही, ते ऑपरेशनमधल्या गुंतागुंतीचे असू शकतात, त्यांची फाईल शल्यचिकित्सकासमोर गेली पाहिजे. सगळ्यांपुढे ‘खराब परिणाम’ एवढंच लिहिलं तर यातलं काहीच दुरुस्त होत नाही.

कोयते गेलेलं गाव

बीड जिल्ह्यात दसऱ्यानंतर ऊसतोडीला कोयते निघाले की तांडे निम्मे रिकामे होतात. हिंडती-फिरती, काम करणारी माणसं जातात आणि मागे उरतात अधू, थकलेले. जानेवारीत अशा गावात पाहणी केली तर अंधत्वाचं प्रमाण खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. काही म्हातारी माणसं नातवंडं सांभाळायला कोपीवरही गेलेली असतात, ती यादीत येतच नाहीत. अशा वेळी आकडा भरायला शेजारच्या घरातला माणूस घेतात, ती घोडचूक. जो निवडला गेला तोच तपासायचा. दोनदा जाऊनही भेटला नाही तर ‘गैरहजर’ लिहायचं आणि घरच्यांकडून त्याच्या नजरेची माहिती घ्यायची. निवडलेल्यांपैकी ९० टक्के तरी तपासले जायला हवेत. म्हणून या पट्ट्यात पाहणी कोयते परतल्यावर, उन्हाळ्यात सकाळी लवकर, किंवा दसऱ्याआधी करावी. गावाच्या यादीत तांडा वेगळा दाखवलाय का, हेही आधीच बघावं.

खुपरीची नोंद

ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून खुपरी, म्हणजे ट्रॅकोमा हा डोळ्यांचा संसर्ग, ही सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपल्याचं जाहीर केलं. याचा अर्थ एकही रुग्ण उरला नाही असा नाही. पन्नाशीच्या पुढच्यांच्या पाहणीत खुपरी दिसली नाही म्हणून ‘आपल्याकडे नाही’ असं लिहिणंही चूक, कारण चालू संसर्ग १ ते ९ वर्षांच्या मुलांत पाहतात. तो वरची पापणी उलटून बघावा लागतो, आणि मधल्या भागात किमान अर्ध्या मिलिमीटरचे पाच किंवा जास्त दाणे असतील तरच धरतात. डोळे आलेलं प्रत्येक पोर खुपरीचं नसतं, आणि बुबुळावर फूल पडलेला प्रत्येक म्हातारा डोळाही खुपरीचा नसतो.

वयस्कर माणसांत शोधायचं ते जुन्या खुपरीमुळे आत वळलेले आणि डोळ्याला घासणारे पापणीचे केस. पुष्कळ बायका ते चिमट्याने उपटतात, त्यामुळे त्या दिवशी डोळा स्वच्छ दिसतो. “केस टोचतात का, उपटता का?” असं विचारा आणि हो म्हटलं तर नोंद करा, कारण अलीकडे केस उपटल्याची खूणही धरली जाते. एक केस घासत असला तरी त्या बाईला पापणीच्या शस्त्रक्रियेसाठी पाठवायचं आणि तिचं नाव कार्यक्रमाच्या यादीत जाईल असं पाहायचं. मोतीबिंदूही असेल तर पाठवण्याच्या चिठ्ठीवर दोन्ही लिहा आणि पापण्यांचं आधी करायला सांगा, कारण घासणाऱ्या पापण्यांखाली केलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन संसर्गाने बिघडण्याचा धोका असतो.