डॅशबोर्डचा आकडा आणि फायनान्सचा अहवाल: फरक समजावणारी ईमेल कशी लिहावी

मार्च संपून वार्षिक हिशेब सुरू झाले की मॅनेजरकडून हमखास एक प्रश्न येतो: डॅशबोर्डवर मार्चची विक्री १ कोटी १८ लाख दिसते आणि फायनान्सच्या अहवालात ८७ लाख ३८ हजार, तर खरे काय? ‘दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत’ एवढ्या उत्तराने कोणाचेच समाधान होत नाही. एका आकड्यापासून दुसऱ्यापर्यंत पायरीपायरीने पोहोचता येते हे ईमेलमध्ये दाखवावे लागते, आणि त्यासाठी बहुतेक काम ईमेल लिहायला बसण्यापूर्वीच करायचे असते. मिक्सर, इंडक्शन शेगडी अशी स्वयंपाकघरातील उपकरणे ऑनलाइन विकणाऱ्या एका काल्पनिक कंपनीचे उदाहरण घेऊन हे काम पाहू. तिच्या सर्व मालावर १८ टक्के जीएसटी आहे असे धरले आहे.

प्रथम दोन्ही आकड्यांची व्याख्या एकेका वाक्यात लिहून काढावी. आपल्या उदाहरणात डॅशबोर्ड मार्चमध्ये नोंदवलेल्या सर्व ऑर्डरींची जीएसटीसह रक्कम दाखवतो, मग ती ऑर्डर पुढे रद्द झाली असो वा नसो. फायनान्स मात्र माल ग्राहकाच्या ताब्यात गेल्यावरच विक्री धरते, त्यातून परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटा वजा करते आणि जीएसटी सरकारचा असल्यामुळे तो विक्रीत धरत नाही. ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की फरक कोठून येत असणार हे निम्मे तरी कळते. फायनान्सची व्याख्या मात्र अंदाजाने लिहू नये. अहवाल तयार करणाऱ्या सहकाऱ्यालाच ती विचारावी.

यानंतर आपल्या बाजूची चूक नाही ना, हे तपासावे. ऑर्डरींचा तक्ता पेमेंटच्या तक्त्याशी जोडलेला असेल आणि एखाद्या ग्राहकाने दोन हप्त्यांत पैसे भरले असतील, तर तीच ऑर्डर दोनदा मोजली जाते. एकूण ओळींची संख्या आणि वेगवेगळ्या ऑर्डर क्रमांकांची संख्या जुळत नसेल, तर दुहेरी मोजणीचा संशय घ्यावा. अशी चूक सापडल्यास ती व्याख्येच्या फरकात लपवू नये. आधी दुरुस्त करावी आणि मगच पुढे जावे.

दुसरी तपासणी वेळेची. बरीच डेटाबेस वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत साठवतात आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास असते. त्यामुळे यूटीसीप्रमाणे कापलेला मार्च आपल्या घड्याळात १ मार्चला पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि १ एप्रिलला पहाटे साडेपाचला संपतो. रात्री बारानंतर सवलतीचा सेल सुरू झाला असेल, तर हा फरक नजरेत भरण्याइतका मोठा होतो. वेळेच्या रकान्यात टाइमझोनची नोंद असेल, तर महिना असा कापावा:

```sql
WHERE ordered_at >= '2025-03-01 00:00:00+05:30'
  AND ordered_at <  '2025-04-01 00:00:00+05:30'
```

आता डॅशबोर्डच्या आकड्यापासून फायनान्सच्या आकड्यापर्यंतच्या पायऱ्या एका तक्त्यात मांडाव्यात. जीएसटी सर्वांत शेवटी काढावा, कारण तोपर्यंतच्या सर्व रकमा एकाच मापात, म्हणजे करासह, राहतात. तो काढताना एकूण रकमेचे १८ टक्के वजा करणे ही नेहमीची चूक होय. करासह असलेल्या रकमेला १.१८ ने भागायचे असते. उदाहरणात कर काढण्यापूर्वी १,०३,२५,००० रुपये उरतात. त्यांतील जीएसटी १५,७५,००० रुपये आहे, पण सरळ १८ टक्के काढले तर १८,५८,५०० येतात आणि पावणेतीन लाखांहून अधिक रुपयांचा नवाच फरक उभा राहतो.

कारणे बरोबर ओळखली आहेत का, हे मागच्या दोन-तीन महिन्यांवरून कळते. कराचा परिणाम दर महिन्याला जवळपास त्याच प्रमाणात दिसतो. महिनाअखेरीच्या ऑर्डरींचा परिणाम मात्र पुढच्या महिन्यात उलट चिन्हाने परत यायला हवा, म्हणजे मार्चमधून वजा केलेल्या ऑर्डरी पोहोचल्या असतील तर त्या फायनान्सच्या एप्रिलमध्ये सापडल्या पाहिजेत. त्या तेथे नसतील, तर तुमचे स्पष्टीकरण चुकले आहे.

हा तक्ता मॅनेजरकडे जाण्यापूर्वी फायनान्सच्या सहकाऱ्याला दाखवावा. आपल्या आकड्याविषयी परस्पर ईमेल गेली हे कोणालाच रुचत नाही, शिवाय चूक सापडण्याची ती सर्वांत स्वस्त जागा आहे. मग ईमेल अशी लिहिता येईल:

विषय: मार्च २०२५ विक्री – डॅशबोर्ड व फायनान्स अहवालातील ३०.६२ लाखांच्या फरकाचे स्पष्टीकरण

नमस्कार मॅडम,

वार्षिक अहवालासाठी कृपया फायनान्सचा ८७,३८,००० रुपये हाच आकडा वापरावा. डॅशबोर्डवरील १,१८,००,००० रुपये ही मार्चमध्ये आलेल्या ऑर्डरींची जीएसटीसह रक्कम असून ती मागणीचा कल पाहण्यासाठी आहे. दोहोंतील फरक असा:

| तपशील | रुपये |
|---|---|
| डॅशबोर्डवरील रक्कम | १,१८,००,००० |
| यूटीसी वेळेमुळे आलेला निव्वळ फरक | −५९,००० |
| रद्द झालेल्या ऑर्डरी | −४,७२,००० |
| मार्चच्या ऑर्डरी, ३१ मार्चपर्यंत न पोहोचलेल्या | −१४,१६,००० |
| फेब्रुवारीच्या ऑर्डरी, मार्चमध्ये पोहोचलेल्या | +८,२६,००० |
| परत आलेला माल | −३,५४,००० |
| जीएसटी | −१५,७५,००० |
| आमच्या हिशेबाने विक्री | ८७,५०,००० |
| फायनान्स अहवाल | ८७,३८,००० |

उरलेल्या १२,००० रुपयांचे कारण अद्याप सापडलेले नाही. क्रेडिट नोटांच्या तारखा फायनान्ससोबत तपासत आहोत आणि शुक्रवारपर्यंत कळवतो. यूटीसी वेळेचा दोष आमच्या डॅशबोर्डमधील असून तो आज दुरुस्त केला आहे. बाकीचा फरक व्याख्येतील आहे आणि तो दर महिन्याला राहील. ऑर्डरनिहाय यादी सोबत जोडली आहे.

आपला,
(नाव)

या मसुद्यात पहिल्याच वाक्यात निर्णय आहे, कारण मॅनेजरना बैठकीत कोणता आकडा सांगायचा हे आधी हवे असते. तक्ता नंतरही पाहता येतो. न सापडलेले १२,००० रुपये ‘इतर’ या नावाखाली दडवलेले नाहीत. एकूण फरकाच्या अर्ध्या टक्क्याहूनही ते कमी आहेत, पण पायऱ्या ओढूनताणून शून्यावर आणल्या तर लेखापरीक्षणात कोणीतरी त्या उलगडतोच. ज्या फरकांचे कारण सांगितले आहे, त्यांची प्रत्येक ओळ जोडलेल्या यादीत ऑर्डर क्रमांकांनी पडताळता आली पाहिजे. ग्राहकांची नावे आणि फोन क्रमांक मात्र त्या यादीतून काढून टाकावेत.

‘फायनान्सने जीएसटी वगळला’ असे न लिहिता ‘डॅशबोर्डमध्ये जीएसटी धरलेला आहे’ असे लिहावे. माहिती तीच राहते, पण पहिल्या वाक्यात उगाच आरोपाचा सूर लागतो.

ईमेल गेल्यावर डॅशबोर्डवरील ‘विक्री’ हे शीर्षक बदलून ‘नोंदवलेल्या ऑर्डरी, जीएसटीसह’ असे करावे. तेवढे राहिले, तर मे महिन्यात एप्रिलच्या आकड्यांवरून हीच ईमेल पुन्हा लिहावी लागेल.