रिट्रेसमेंट लेव्हल काढताना या चुका टाळा: बिटकॉइनची दोन उदाहरणं

५ ऑगस्ट २०२४ ला बिटकॉइन ४९,००० डॉलरपर्यंत घसरला आणि तिथून वळला. मार्चमधला उच्चांक सुमारे ७३,८०० डॉलर होता. नोव्हेंबर २०२२ च्या १५,५०० च्या तळापासून या उच्चांकापर्यंत फिबोनाची रिट्रेसमेंट, म्हणजे चढाचा किती हिस्सा भाव परत देतो ते दाखवणाऱ्या रेषा, काढली, तर ३८.२ टक्क्यांची लेव्हल येते ५१,५०० ला. सप्टेंबर २०२३ च्या २४,९०० पासून काढली, तर ५० टक्के येतात ४९,३५० ला. जानेवारी २०२४ च्या ३८,५०० पासून काढली, तर ६१.८ टक्के येतात ५२,००० ला.

तळ तीन आणि लेव्हलही तीन वेगवेगळ्या, पण सगळ्या ४९ ते ५२ हजारांच्या पट्ट्यात. अशा पट्ट्याला मी एकेकट्या रेषेपेक्षा जास्त मान देतो. मात्र पहिली आणि सर्वांत मोठी चूकही इथेच होते. भाव वळल्यानंतर आपण मागे जाऊन नेमका जुळणारा तळ निवडतो आणि लेव्हल चालली म्हणतो. एवढे तळ आणि एवढ्या टक्केवाऱ्या हाताशी असल्या की कुठली ना कुठली रेषा जुळतेच. म्हणून उच्चांकावरून भाव खाली यायला लागला की लगेच, डेली किंवा वीकली चार्टवर ठळक दिसणारे तळ धरून रेषा काढा आणि नंतर त्या हलवू नका. नवा उच्चांक झाला तरच पुन्हा काढायच्या.

काढून झाल्यावर एक तपासणी करा. चढत्या स्विंगमध्ये, म्हणजे तळापासून उच्चांकापर्यंतच्या चढात, ० ही खूण उच्चांकावर आणि १ तळावर दिसायला हवी. उलटं दिसत असेल, तर टूल उलट्या दिशेने ओढलं गेलंय आणि तुम्ही ०.३८२ समजून पाहताय ती खरं तर ६१.८ टक्क्यांची घसरण आहे. दुसरी तपासणी लॉग स्केलची. ट्रेडिंगव्ह्यूमध्ये `Fib levels based on log scale` हा पर्याय चालू असेल, तर १५,५०० ते ७३,८०० या स्विंगची ३८.२ टक्क्यांची लेव्हल ५१,५०० वरून थेट ४०,७०० च्या आसपास जाते. क्रिप्टोत भाव चार-पाच पट होतात, म्हणून हा फरक एवढा मोठा पडतो. मित्राच्या आणि तुमच्या लेव्हल जुळत नसतील, तर आधी हेच बघा. आणि रेषा डॉलरच्या चार्टवर काढा. रुपयाच्या जोड्यांत उलाढाल कमी असते, त्यामुळे तिथल्या विक, म्हणजे कँडलची बारीक टोकं, फसव्या असू शकतात.

मुळात भाव तिथे थांबतो का? गणितात तसं काही बळ नाही, आणि ५० टक्के तर फिबोनाचीतून आलेलेही नाहीत. पण शेअरचे निकाल किंवा लाभांश असा आधार बिटकॉइनला नाही, म्हणून खरेदी करणारे चार्टवरचीच खूण शोधतात. हजारो जण एकच स्विंग पाहतात, तेव्हा लिमिट ऑर्डर त्याच पट्ट्यात साचतात. शॉर्ट केलेले, म्हणजे भाव पडेल म्हणून आधी विकून बसलेलेही तिथेच नफा काढतात, म्हणजे तेही विकत घेतात. त्यात लिव्हरेजवाल्यांची, म्हणजे उसन्या पैशावर मोठी पोझिशन घेणाऱ्यांची, सक्तीची विक्री, म्हणजे लिक्विडेशन, संपत आलेलं असेल तर विकणारेच कमी उरतात. ऑगस्टमध्ये जपानी येनच्या उसळीनं जगभरचे बाजार पडले होते. त्या एका दिवसात क्रिप्टोतली एक अब्ज डॉलरच्या आसपासची लिव्हरेज्ड पोझिशन साफ झाली.

पण थांबणं म्हणजे वळणं नव्हे. ही चूक २०२२ मध्ये अनेकांना महागात पडली. मार्च २०२० च्या ३,८०० पासून नोव्हेंबर २०२१ च्या ६९,००० पर्यंतच्या स्विंगची ६१.८ टक्क्यांची लेव्हल २८,७०० ला होती. मे २०२२ मध्ये टेरा ही क्रिप्टो यंत्रणा कोसळल्यावर भाव २७,००० च्याही खाली जाऊन आला आणि मग जवळपास महिनाभर ३०,००० भोवती रेंगाळला. लेव्हल टिकली असंच वाटत होतं. उसळी मात्र दर वेळी थोड्याच वर जाऊन विरत होती. १२ जूनला सेल्सियस या क्रिप्टो कर्ज कंपनीने ग्राहकांना पैसे काढू देणं बंद केलं आणि आठवड्याभरात भाव १८,००० च्या खाली होता. रेंगाळलेला भाव आधीची छोटी शिखरं ओलांडत नसेल, तर तिथे साचलेल्या खरेदीच्या ऑर्डर हळूहळू संपत असतात.

लेव्हल बरोबर असूनही पैसे जातात ते स्टॉपलॉसमुळे. समजा ५ ऑगस्टला कुणी ५१,५०० ला वीसपट लिव्हरेजने लाँग घेतलं. त्याचं लिक्विडेशन साधारण ४९,२०० ला येतं. भाव ४९,००० ला शिवला, त्याची पोझिशन गेली, आणि दिवस बंद झाला ५४,००० च्या आसपास. क्रिप्टोत विक रेषेच्या खाली जाते हे गृहीत धरून स्टॉप अख्ख्या पट्ट्याच्या खाली, समजा ४७,००० ला ठेवायचा आणि रक्कम त्यावरून ठरवायची. ५१,५०० ते ४७,००० म्हणजे पावणेनऊ टक्के. १०,००० रुपयांचंच नुकसान सोसायचं असेल, तर एकूण पोझिशन १ लाख १४ हजारांच्या वर नको.