लांबलचक रिपोर्टमधून पानांची शीर्षके आणि मधल्या बेरजा काढण्याआधीची तयारी

उसाचा हंगाम सुरू झाला की निपाणी, चिकोडी, खानापूर भागातल्या गट ऑफिसांत वजनकाट्याचा गावनिहाय रिपोर्ट एक्सेलमध्ये काढून मागितला जातो. सॉफ्टवेअर तो छपाईसाठी आखलेला असतो तसाच बाहेर टाकते. सगळी पाने एकाखाली एक चिकटतात, दर पानाच्या डोक्यावरचे कारखान्याचे नाव आणि रकान्यांची नावे पुन्हा पुन्हा येतात, आणि पावत्यांच्या मध्येच ‘पान एकूण’, ‘मागील पानावरून’, ‘गाव एकूण’ अशा ओळी शिरतात. अशा रकान्याची सरळ बेरीज मारली तर आकडा काहीच्या काही येतो. नको असलेल्या ओळी उडवणे हे शेवटचे आणि सोपे काम आहे. त्याआधीची तयारी नीट झाली, तरच त्या उडवताना खरी पावती हाताबाहेर जात नाही.

पहिली गोष्ट, मूळ फाइल तशीच ठेवून तिच्या प्रतीवर काम करा. प्रतीत सगळ्यात वर एक रिकामी ओळ आणि डावीकडे एक रिकामा रकाना घाला. वरच्या ओळीत आपली स्वतःची शीर्षके येतील. डावीकडच्या A रकान्यात 1, 2, 3 असे क्रमांक शेवटच्या ओळीपर्यंत आकडे म्हणूनच भरा. तिथे `=ROW()` वापरू नका, कारण सॉर्ट केल्यावर तो बदलतो आणि मूळ क्रम कायमचा जातो. हा क्रम असला की कितीही उलथापालथ झाली तरी रिपोर्ट पुन्हा पहिल्यासारखा लावता येतो. पानशीर्षकातले सेल बहुधा मर्ज केलेले असतात, ते पूर्ण शीट निवडून Unmerge करा, नाहीतर फिल्टर आणि सॉर्ट दोन्ही अडतात.

इथून पुढे रकाने असे धरू: B मध्ये पावती क्रमांक, C मध्ये तारीख, D मध्ये शेतकरी कोड, E मध्ये नाव, F मध्ये निव्वळ वजन टनांत. गावाचे नाव पावतीच्या ओळीत नाही. ते गट सुरू होताना B मध्ये ‘गाव : कोगनोळी’ असे एकदाच येते.

आता पावती क्रमांक, तारखा आणि वजने खरोखर आकडे आहेत का ते बघा, कारण पुढची सगळी पारख त्यावरच उभी आहे. आकडा सेलमध्ये आपोआप उजवीकडे सरकतो, मजकूर डावीकडे राहतो. तारखांच्या रकान्यात 1 ते 12 तारखा उजवीकडे आणि 13 पासून पुढच्या डावीकडे दिसल्या, तर कॉम्प्युटरची तारखेची पद्धत अमेरिकन आहे. त्याने 03/12 ही 3 डिसेंबर न समजता 12 मार्च समजली आणि 13/12 ला तारीखच मानले नाही. अशा वेळी फक्त डावीकडच्या तारखा दुरुस्त करून भागत नाही, उजवीकडच्या आधीच चुकलेल्या असतात. विंडोजमध्ये रीजन English (India) करून रिपोर्ट सॉफ्टवेअरमधून पुन्हा काढा आणि वरची तयारी नव्याने करा. वजने मजकूर म्हणून आली असतील तर F रकाना निवडून Text to Columns मधून थेट Finish दाबले की बहुतेक सुटतात. तरीही सुटली नाहीत तर आत न दिसणारी मोकळी जागा अडकलेली असते. ती बाजूच्या रकान्यात या सूत्राने जाते, आणि मग आलेली किंमत F वर चिकटवायची:

```
=VALUE(TRIM(SUBSTITUTE(F2,UNICHAR(160)," ")))
```

यानंतरचा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा: शोधायचे काय, नको असलेली ओळ की खरी पावती? बहुतेक जण पहिल्या वाटेने जातात. फिल्टरमध्ये ‘पान’ असलेल्या ओळी निवडतात आणि उडवतात. त्यात ‘पान एकूण’ जाते आणि सोबत पानसरे आडनावाचे सगळे शेतकरीही जातात. ‘गाव’ शोधले तर पत्त्यात किंवा शेऱ्यात बेळगाव लिहिलेली प्रत्येक ओळ सापडते. आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. रिपोर्टच्या एकाच फाइलीत बेरजेचा शब्द कुठे ‘एकूण’, कुठे ‘Total’, तर कुठे ‘ಒಟ್ಟು’ असतो. जुन्या सॉफ्टवेअरने नुडीसारख्या फॉन्टमध्ये लिहिले असेल तर सेलमध्ये कन्नड दिसते, पण वरच्या फॉर्म्युला बारमध्ये इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. तिथे ‘ಒಟ್ಟು’ शोधून काहीच हाती लागत नाही. म्हणून शब्दांच्या मागे न लागता पावतीची व्याख्या करा: जिच्यात पावती क्रमांक आकडा आहे, तारीख आकडा आहे आणि वजनही आकडा आहे, ती नोंद. भाषा कुठलीही असो, ही पारख बदलत नाही. H रकान्याला ‘प्रकार’ नाव देऊन H2 पासून खाली हे ओढा:

```
=IF(AND(ISNUMBER(B2),ISNUMBER(C2),ISNUMBER(F2)),"नोंद",
 IF(ISNUMBER(F2),"बेरीज",
 IF(COUNTA(B2:F2)=0,"रिकामी","इतर")))
```

तारखेची अट मुद्दाम घातली आहे. काही रिपोर्टांत ‘गाव एकूण’च्या ओळीत पावतीच्या रकान्यात पावत्यांची संख्या छापलेली असते, म्हणजे B मध्येही आकडा आणि F मध्येही आकडा. तारीख मात्र बेरजेच्या ओळीला कधी नसते. वजन शून्यापेक्षा जास्त हवे अशी अट मात्र घालू नका, दुरुस्तीची पावती वजा आकड्यात असू शकते.

पण नोंदी वेगळ्या काढण्याआधी गावाचे नाव प्रत्येक ओळीपर्यंत खाली उतरवायला हवे, नाहीतर शीर्षकाची ओळ गेली की ती पावती कुठल्या गावची हे कोणी सांगू शकणार नाही. G1 मध्ये ‘गाव’ लिहा आणि G2 मध्ये:

```
=IF(LEFT(TRIM(B2),5)="गाव :",
 TRIM(SUBSTITUTE(MID(TRIM(B2),6,60),"(पुढे चालू)","")),G1)
```

एक्सेल काना, मात्रा वेगळ्या मोजते, म्हणून ‘गाव :’ हे मोकळ्या जागेसह 5 होतात. तुमच्या रिपोर्टमध्ये कोलन ‘गाव’ला चिकटून असेल तर आकडे 4 आणि 5 करा आणि अवतरणातला मजकूर हाताने टाइप न करता सेलमधूनच कॉपी करा. ‘(पुढे चालू)’ काढण्यामागचे कारण पुढच्या उदाहरणात दिसेल.

समजा, कोगनोळीच्या 5 पावत्या आहेत: 14.320, 11.875, 16.040, मग पान संपले, आणि पुढच्या पानावर 12.615 आणि 9.980. पहिल्या पानाच्या तळाला ‘पान एकूण 42.235’, दुसऱ्याच्या डोक्यावर ‘मागील पानावरून 42.235’ आणि शेवटी ‘गाव एकूण 64.830’. खरे वजन 64.830 टन. न साफ केलेल्या रकान्याची बेरीज मारली तर 214.130 येते, म्हणजे तिपटीहून जास्त. ही वाढ दर गावाला सारखी नसते, पान कुठे तुटले यावर ती ठरते. म्हणून ‘साधारण इतक्या पटीने भागले की झाले’ असा हिशेब करता येत नाही.

आता याच बेरजांचा उपयोग करा. त्या उडवायच्या आहेत खऱ्या, पण त्याआधी त्या तुमची तपासणी फुकटात करून देतात. I रकान्यात हे ओढा:

```
=IF(LEFT(TRIM(B2),8)="गाव एकूण",
 ROUND(F2-SUMIFS(F:F,G:G,G2,H:H,"नोंद"),3),"")
```

‘गाव एकूण’ हे शब्द तुमच्या रिपोर्टमध्ये B सोडून दुसऱ्या रकान्यात किंवा दुसऱ्या भाषेत असतील तर सूत्रात तसा बदल करा. प्रत्येक गावासमोर 0 यायला हवा. `ROUND` नसेल तर दशांशातल्या सूक्ष्म फरकामुळे बरोबर असलेल्या गावासमोरही कधीकधी शून्य दिसत नाही. शून्य नसेल तर फरकाचा आकडाच कारण सांगतो. कोगनोळीसमोर 42.235 आले, तर पहिल्या पानावरच्या पावत्या बाहेर राहिल्या. पान उलटल्यावर शीर्षक ‘गाव : कोगनोळी (पुढे चालू)’ असे आले आणि ते वेगळे गाव समजले गेले, की नेमके हेच होते: बेरजेची ओळ दुसऱ्या नावाखाली जाते आणि तिला फक्त 22.595 सापडतात. फरक एखाद्याच पावतीच्या वजनाइतका असेल तर ती पावती ‘नोंद’ झालेली नाही, बहुधा तिची तारीख मजकूर राहिली आहे. फरक वजा आला तर एखादी बेरीज नोंद म्हणून शिरली आहे किंवा तेच गाव रिपोर्टमध्ये दोनदा आले आहे.

फिल्टर लावून ‘इतर’ या प्रकारातल्या ओळी वाचून काढा, सगळ्या. शीर्षके एकसारखी असल्याने नजर भराभर जाते. त्यांत रद्द केलेली पावती दिसेल, जिच्या वजनाच्या जागी ‘रद्द’ लिहिले आहे. ती ठेवायची की नाही हे हिशेबनिसाला विचारा. लांब नाव दोन ओळींत तुटले असेल तर E मध्ये उरलेला तुकडा आणि बाकी सगळे रिकामे अशी ओळही इथेच सापडते. तो तुकडा वरच्या नावाला जोडा. रकान्यांच्या नावांची ओळ किती वेळा आली हेही मोजा. रिपोर्टच्या शेवटी ‘पान 46/46’ असेल तर ती 46 वेळा हवी. कमी भरली तर एक्स्पोर्टमध्ये अख्खे पान गळले आहे, आणि ते नेमके दोन गावांच्या मध्ये असेल तर I रकान्यातले शून्य ते दाखवणार नाही.

सगळीकडे शून्य आले की G, H आणि I कॉपी करून त्याच जागी Paste Special मधून Values चिकटवा. ही पायरी चुकवू नका. G चे सूत्र वरच्या सेलकडे बघते, वरची ओळ उडाली की खाली `#REF!` पसरते, आणि सॉर्ट केले तर गावे चुपचाप बदलतात, कसलीही एरर न दाखवता.

त्यानंतरही मूळ शीटमधून ओळी उडवू नका. H मध्ये ‘नोंद’ फिल्टर करून त्या ओळी नव्या शीटवर न्या, ‘बेरीज’ फिल्टर करून त्या ‘बेरजा’ नावाच्या शीटवर. नोंदींच्या शीटवर F ची बेरीज रिपोर्टच्या शेवटच्या एकंदर बेरजेशी ताडून बघा. A रकान्यातला मूळ क्रम दोन्हीकडे ठेवा, म्हणजे बिलाच्या वेळी एखाद्या शेतकऱ्याने वजनाबद्दल विचारले तर छापील रिपोर्टमधली नेमकी ओळ लगेच काढता येईल.