दोन खुणांमधला मजकूर: प्रश्नचिन्ह कुठे द्यायचं

इंदूरच्या एखाद्या मराठी मंडळाची स्मरणिका करताना सगळे लेख एकाच फाइलमध्ये येतात, प्रत्येक `[सुरू]` आणि `[शेवट]` या खुणांमध्ये. ते रेग्युलर एक्स्प्रेशनने वेगळे काढायला दोन खुणांच्या मध्ये `.*` लिहिलंत, तर पहिल्या `[सुरू]`पासून थेट शेवटच्या `[शेवट]`पर्यंतचा अख्खा मजकूर एकच लेख म्हणून हाती येतो, कारण `*` जमेल तेवढं गिळतो. पुढे `?` लावला की तो पहिल्याच `[शेवट]`पाशी थांबतो. पायथनमध्ये:

```python
re.findall(r"\[सुरू\](.*?)\[शेवट\]", text, re.S)
```

`re.S` विसरू नका. एरवी टिंब ओळ ओलांडत नाही आणि अनेक ओळींचे लेख गळतात. चौकटी कंसांआधी उलटी तिरकी रेघ हवीच.

खरी गोची एखादा `[शेवट]` राहून गेला की होते. मग दोन लेख चिकटतात, मधल्या `[सुरू]`सकट. निकालात असा `[सुरू]` दिसला की समजा, कुठेतरी `[शेवट]` राहिलाय. तेव्हा `re.S` तसंच ठेवून आधीच्या नमुन्याजागी हा वापरा:

```python
r"\[सुरू\]((?:(?!\[सुरू\]).)*?)\[शेवट\]"
```

आता अर्धवट लेख वगळला जातो, म्हणून `text.count("[सुरू]")` आणि निकालांची संख्या ताडून पाहा. कुणी ‘सुरु’ ऱ्हस्व लिहिलं असेल (लिहितातच!), तर तो लेख या मोजणीतही येत नाही. `[शेवट]`ही मोजा.