पॅकेज ऐकून लगेच 'हो' म्हणू नका

लोटे एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यासाठी भाच्याला रिक्रूटरचा फोन आला. "4.80 लाखांचं पॅकेज आहे, चालेल ना?" तो हो म्हणणारच होता. मी खुणेनेच थांबवलं आणि पडवीत (रेंज तिथेच येते) कागदावर हिशेब मांडला. महिन्याचे 40,000. त्यातून कामगिरीवर ठरणारं व्हेरिएबल 4,000, पीएफ कंपनीचा 1,800 आणि त्याचा 1,800, ग्रॅच्युइटी साधारण 960, व्यवसाय कर 200 वजा. हातात जेमतेम 31 हजार.

अशा वेळी बोलायचं ते असं:

1. "मॅडम, यात फिक्स्ड किती, आणि दरमहा हातात किती येतील?"
2. "क्यूसीत तीन वर्षं झाली, एचपीएलसी मी एकटा चालवतो. हातात 35 हजार अपेक्षित आहेत. फिक्स्डमध्ये बसवता येईल का?"
3. एवढं बोलून गप्प बसा. हेच अवघड. पलीकडे शांतता पसरली की आपणच "32 पण चालतील" म्हणून मोकळे होतो.
4. "विचारून सांगते" म्हणाल्या, तर "चालेल, गुरुवारी मीच फोन करतो."

आवाज दुकानात भाव विचारतो तसा साधा ठेवा. "घरचा खर्च भागत नाही" नको.

सध्याचा पगार मात्र फुगवून सांगू नका. पुढे पगाराच्या स्लिपा मागतात.