प्रोबेशननंतरचं कन्फर्मेशन लेटर : या चुका टाळा

प्रोबेशन संपलं, साहेबांनी ‘करा कन्फर्म’ असं सांगितलं, आणि जुन्या कुणाच्या तरी पत्रात नाव बदलून नवं पत्र तयार झालं. छोट्या कंपन्यांमध्ये बहुतेक कन्फर्मेशन लेटर अशीच निघतात. पत्र दिसायला व्यवस्थित असतं. पहिला वाढीव पगार खात्यात आला, की मग प्रश्न सुरू होतात: वाढ कधीपासून धरली, हातात कमी का आले, नोटीस पीरियड दोन महिन्यांचा कधी झाला? उत्तरं पत्रात नसतात, किंवा एकाच्या दोन निघतात.

एक उदाहरण घेऊन पाहू. पुण्यातली औषधांची घाऊक विक्री करणारी एक फर्म, तीसेक माणसं. बिलिंग आणि स्टॉक सांभाळणारा एक सहायक ३ फेब्रुवारी २०२५ रोजी रुजू झाला. अपॉइंटमेंट लेटरमध्ये प्रोबेशन सहा महिन्यांचं, म्हणजे २ ऑगस्टपर्यंत. पगार महिना १९,५०० रुपये. काम चांगलं होतं, म्हणून कायम करून पगार २२,५०० करायचं ठरलं. मालक बाहेरगावी, अकाउंटंट रिटर्नच्या गडबडीत, त्यामुळे पत्र टाइप झालं १९ सप्टेंबरला.

तारीख एकच लिहिणं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पत्रावर वर १९ सप्टेंबर, आणि आत ‘आपणास सेवेत कायम करण्यात येत आहे’ एवढंच. मग कायम कधीपासून? कर्मचारी म्हणणार ३ ऑगस्ट, अकाउंट्सवाला म्हणणार पत्राच्या तारखेपासून. दोघांचंही चूक नाही, कारण पत्र काहीच सांगत नाही.

काही जण यावर भलताच उपाय करतात. पत्रावर मागची, ३ ऑगस्टची तारीख टाकतात. हे अजिबात करू नये. ईमेल, पगारपत्रक, सहीची पोच यांपैकी कशाशीच ती तारीख जुळत नाही, आणि उद्या वाद झाला तर बाकीचं खरं पत्रही संशयात येतं. पत्रावर खरी तारीखच ठेवा आणि आत स्पष्ट लिहा: ‘आपला प्रोबेशनचा कालावधी २ ऑगस्ट २०२५ रोजी पूर्ण झाला असून ३ ऑगस्ट २०२५ पासून आपणास सेवेत कायम करण्यात येत आहे. सुधारित वेतन त्याच तारखेपासून लागू राहील.’ वाढ वेगळ्या तारखेपासून द्यायची असेल, समजा १ ऑक्टोबरपासून, तर तेही तसंच उघड लिहा. दोन तारखा वेगळ्या असायला हरकत नाही, पण त्या दोन्ही लिहिलेल्या हव्यात.

वाढ ३ ऑगस्टपासून असेल तर ऑगस्टची थकबाकी निघते: ३,००० रुपयांच्या वाढीचे ३१ पैकी २९ दिवसांचे २,८०६ रुपये. ही रक्कम कोणत्या महिन्याच्या पगारात मिळेल, हे पत्रातच लिहावं. त्या एका ओळीने चार फोन वाचतात.

इथे एक मोठा गैरसमजही आहे. पत्र दिलं नाही तर माणूस आपोआप प्रोबेशनवरच राहतो, असं अनेक मालकांना वाटतं. तसं सरसकट नाही. पंजाबातल्या शिक्षण खात्यातल्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात (धरम सिंग, १९६८) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की नियमातच प्रोबेशनची कमाल मर्यादा ठरलेली असेल आणि ती उलटल्यावरही माणसाला कामावर ठेवलं असेल, तर तो कायम झाला असं धरावं लागतं. याउलट, कायम करण्यासाठी लेखी आदेश हवाच, अशी अट नियमात असेल तर नुसता काळ उलटून भागत नाही. ही प्रकरणं सरकारी सेवेची आहेत. खासगी नोकरीत सगळं तुमच्या अपॉइंटमेंट लेटरच्या शब्दांवर येतं, म्हणून कन्फर्मेशन लिहायला बसण्याआधी ते काढून समोर ठेवा. प्रोबेशन वाढवायचं असेल तर मुदत संपायच्या आत, कारण आणि नवी तारीख देऊन वेगळं पत्र द्या. कारखान्याला स्टँडिंग ऑर्डर्स, म्हणजे सेवाशर्तींचे प्रमाणित नियम, लागू असतील तर आधी त्या पाहा. तिथे प्रोबेशन किती असावं हे मालकाच्या मर्जीवर नसतं.

पगाराचा एकच आकडा

दुसरी चूक म्हणजे ‘आपला सुधारित सीटीसी वार्षिक २,९७,२२८ रुपये राहील’ असं एक वाक्य लिहून थांबणं. सीटीसी म्हणजे कंपनीला माणसामागे पडणारा एकूण खर्च, पण वाचणारा लगेच बाराने भागतो आणि त्याला महिना २४,७६९ दिसतात. प्रत्यक्षात हातात येतात २०,६८०. फसवणूक कुणीच केलेली नसते, तरी त्याला तसं वाटतं.

आकडे कुठे जातात ते पाहा. महिन्याचा पगार २२,५००, त्यात बेसिक १३,५००. वर्षाचे झाले २,७०,०००. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, म्हणजे बेसिकच्या १२ टक्क्यांनी महिना १,६२० आणि वर्षाचे १९,४४०. वर ग्रॅच्युइटीची तरतूद ७,७८८. बेरीज २,९७,२२८. (बोनस इथे हिशोब सोपा राहावा म्हणून धरलेला नाही.) या बेरजेतले शेवटचे दोन आकडे महिन्याला खात्यात येतच नाहीत. २२,५०० मधून कर्मचाऱ्याच्या वाट्याचा पीएफ १,६२० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० वजा होतो. कर्मचारी स्त्री असती तर महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत प्रोफेशनल टॅक्स नाही, मग हातात २०,८८० आले असते.

हा तक्ता पत्राला ॲनेक्शर म्हणून जोडा: आधीचा पगार, नवा पगार, कपाती, कंपनीचा वाटा, प्रत्येकी वेगळा. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे, तेव्हा आता तक्ता बनवताना बेसिक नावापुरतं ठेवून बाकी सगळं भत्त्यांत घालण्याची जुनी सवय सोडावी लागेल. वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनात धरली जाते.

आपल्या उदाहरणात आणखी एक गोम आहे, आणि ती पगार करणाऱ्यांच्याही हमखास नजरेतून सुटते. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना, हिची वेतनमर्यादा २१,०००. पगार १९,५०० वरून २२,५०० झाला, म्हणून अकाउंटंटने ऑगस्टपासूनच ईएसआय बंद केला आणि पत्रातही तसं लिहिलं. हे चुकीचं आहे. ईएसआयचे अंशदान कालावधी ठरलेले असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मधेच पगार मर्यादेपुढे गेला तरी चालू कालावधी संपेपर्यंत कपात सुरूच राहते, तीही वाढलेल्या पूर्ण पगारावर. म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत कर्मचाऱ्याचे ०.७५ टक्के आणि कंपनीचे ३.२५ टक्के भरायचे, आणि ऑक्टोबरपासून थांबायचं. वरचे २०,६८० हातात येतात ते तेव्हापासून. कर्मचाऱ्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी, की एप्रिल ते सप्टेंबरच्या अंशदानावर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतात. ‘१ ऑक्टोबर २०२५ पासून आपली ईएसआय कपात थांबेल आणि लाभ जून २०२६ पर्यंत मिळतील’ ही ओळ पत्रात असेल, तर घरच्यांसाठी वेगळा आरोग्यविमा घ्यायचा की नाही, याचा विचार त्याला वेळेवर करता येतो.

जे आधीच मिळायला हवं होतं, ते बक्षीस म्हणून देणं

‘कायम झाल्याबद्दल आता आपणास पीएफ व रजेचा लाभ मिळेल.’ हे वाक्य वाचलं की मला काळजी वाटते, कारण मालकाने स्वतःच्या सहीने चूक कबूल केल्यासारखं ते आहे. पीएफ कायद्याखाली येणाऱ्या आस्थापनेत पात्र कर्मचाऱ्याचा पीएफ रुजू झाल्याच्या दिवसापासून कापायचा असतो. प्रोबेशनची सूट तिथे नाही. सहा महिने भरला नसेल तर उपाय पत्रात नाही, मागचा भरणा करण्यात आहे, आणि उशिरावर व्याज व दंडही लागतो.

रजेचंही तेच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत आणि त्या तिमाहीनुसार जमा होतात. कायम झाला की मग रजा, अशी अट त्यात नाही. पत्रात लिहायचं असेल तर कंपनी स्वतःहून जे जास्त देते तेवढंच लिहा: जादा रजा, गट आरोग्यविमा, प्रवासभत्ता.

याच्याच जोडीला येणारं दुसरं धोकादायक वाक्य म्हणजे ‘आपली सेवा ३ ऑगस्टपासून गणली जाईल’. ग्रॅच्युइटीसाठी सलग सेवा रुजू झाल्यापासून मोजली जाते, प्रोबेशनसकट. ‘आपली सेवा ३ फेब्रुवारी २०२५ पासून अखंड धरली जाईल’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

नोटीस पीरियड गुपचूप वाढवणं

प्रोबेशनमध्ये पंधरा दिवस, कायम झाल्यावर साठ दिवस, हा बदल सर्रास होतो. अपॉइंटमेंट लेटरमध्ये तो आधीच लिहिलेला असेल तर पत्रात फक्त आठवण द्यायची. लिहिलेला नसेल तर ती नवी अट आहे. ती ‘इतर अटी पूर्ववत राहतील’च्या आसपास लपवू नका. वेगळ्या परिच्छेदात मांडा, दोन्ही बाजूंना सारखी ठेवा आणि कर्मचाऱ्याची लेखी संमती घ्या. अभिनंदनाच्या पत्रात पहिल्यांदाच ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बाँड टाकणं तर टाळाच. ते बोलणं नोकरी देतानाच व्हायला हवं होतं.

प्रोत्साहनाच्या ओळीत अट किंवा आश्वासन घालणं

शेवटचा परिच्छेद लोक सगळ्यात निष्काळजीपणे लिहितात. एक प्रकार असा: ‘कामगिरी समाधानकारक राहिल्यास आपली सेवा पुढे सुरू राहील.’ हे पुन्हा प्रोबेशनवर ठेवणंच झालं, आणि वरच्या ‘कायम’ या शब्दाला ते छेद देतं. दुसरा प्रकार: ‘पुढील वर्षी आपणास सीनियर पदावर बढती मिळेल.’ साहेब उत्साहात बोलले, टाइप करणाऱ्याने उतरवून घेतलं, आणि वर्षाने ते वाक्य माणूस समोर धरतो.

चांगली ओळ लिहायची तर त्याने खरोखर काय केलं, हे माहीत असावं लागतं. त्यासाठी सुपरवायझरला विचारा. आपल्या उदाहरणात असं लिहिता येईल: ‘मुदत संपत आलेल्या औषधांची बॅचनिहाय यादी आपण दर आठवड्याला तयार ठेवू लागल्यामुळे माल वेळेत कंपन्यांना परत पाठवता आला. येत्या वर्षात खरेदीचा ताळमेळ आपण शिकून घ्यावा. त्यासाठी खरेदी विभागात बसण्याची सोय ऑक्टोबरपासून केली जाईल.’ यात कौतुक नेमकं आहे, पुढची दिशा आहे, आणि दिलेला शब्द कंपनीला पाळता येण्याजोगा आहे. सुधारणेची बाब असेल तर ती समोर बसून बोला आणि मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये नोंदवा.

पत्र गेलं, आणि चूक नंतर दिसली

जुनं पत्र परत मागून फाडू नका. शुद्धिपत्र काढा: मूळ पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख, चुकलेलं वाक्य जसंच्या तसं, त्याखाली सुधारलेलं वाक्य, शुद्धिपत्राची स्वतःची खरी तारीख. दोन प्रती करून एकीवर कर्मचाऱ्याची सही घ्या आणि ती मूळ पत्राला जोडून फाइलला लावा. तारीख, पदनाम, ईएसआयची ओळ अशा दुरुस्त्या यात भागतात. पगाराचा आकडा चुकून जास्त छापला गेला असेल, तर मात्र नुसतं शुद्धिपत्र पाठवून तो कमी करू नका. आधी त्या माणसाशी बोला, अपॉइंटमेंट लेटर आणि मंजुरीची नोंद दाखवा, आणि तो सहमत नसेल तर कामगार कायद्याच्या सल्लागाराला विचारल्याशिवाय पगारातून एक रुपयाही कापू नका.