मुलाचं डोकं दुखतंय? पालकांनो, या चुका टाळा

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि पहिल्याच पालकसभेत मला तेच वाक्य ऐकू येतं: "मॅडम, याचं डोकं सारखं दुखते, मोबाइल पाहून पाहून." मी नागपुरात सकाळच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवते. सभेत जे बोलले तेच इथे लिहिते आहे, कारण ज्यांच्या मुलांना तिसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकवून बसावं लागतं, नेमके तेच पालक कामामुळे सभेला येऊ शकत नाहीत.

डोकं दुखलं की आधी चष्म्याचं दुकान

डोळे तपासायलाच हवेत. मूल डोळे बारीक करून फळा वाचत असेल तर लगेच. पण नंबरामुळे दुखणारं डोकं साधारणपणे डोळ्यांवर ताण आल्यावर, म्हणजे वाचून-लिहून झाल्यावर किंवा संध्याकाळी दुखतं. सकाळी साडेनऊला, मधल्या सुट्टीच्या आधी दुखत असेल तर मला चष्म्याआधी झोपेची आणि रिकाम्या पोटाची शंका येते. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांवर पैसे घालवू नका. अशा चष्म्यांवरच्या प्रयोगांचा कोक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने 2023 साली एकत्र आढावा घेतला, त्यात डोळ्यांचा ताण कमी झाल्याचं दिसलं नाही. उलट 'चष्मा लावलाय ना' म्हणून फोन आणखी तासभर चालतो, हे मी घरोघरी पाहिलं आहे.

माझ्या वर्गातल्या सातवीच्या एका मुलाचं सांगते. वय बारा. आठवड्यातून दोन-तीनदा डोकं धरून बसायचा आणि आईला फोन करून बोलवावं लागायचं. चार महिन्यांत दोनदा नंबर बदलला, निळ्या काचाही झाल्या, दुखणं तसंच. मी आईला म्हटलं, ताई, एक वही करा. रोज पाच गोष्टी लिहा: फोन किती वाजता ठेवला, झोपला कधी, उठला कधी, घरून काय खाऊन निघाला, आणि डोकं दुखलं तर किती वाजता. दोन आठवडे काहीही बदलू नका, फक्त लिहा. हे 'फक्त लिहा' पालकांना सर्वांत जड जातं. तिसऱ्या दिवशी फोन येतो, "मॅडम, काही फरक नाही पडला." फरक पडायला अजून आपण काही केलेलंच नसतं.

चौदा दिवसांत सहा वेळा डोकं दुखलं होतं. फोनचे तास दुखलेल्या आणि न दुखलेल्या दिवशी जवळपास सारखेच होते, रोज दीड ते दोन तास. फरक होता तो वेळेत. ज्या रात्री फोन नऊच्या आत ठेवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी डोकं दुखलंच नाही. साडेअकरापर्यंत चालला, तर बारानंतर झोप आणि व्हॅन लवकर येते म्हणून साडेपाचला उठणं, म्हणजे जेमतेम सव्वापाच तास. या वयाला नऊ ते बारा तास झोप लागते. दोन्ही सोमवारी डोकं दुखलं होतं, कारण रविवारी तो अकराला उठायचा आणि मग रात्री एकपर्यंत त्याला झोपच यायची नाही. आणि सहाही दिवशी तो फक्त कपभर चहा पिऊन निघाला होता.

म्हणून मी आधी झोपायची वेळ धरत नाही, उठायची धरते. झोप मुलाच्या हातात नसते, पण उठवणं आपल्या हातात असतं. रविवारी अकराऐवजी सातला उठवायचं, दुपारी चारच्या आत अर्धा तास झोपू द्यायचं. मग दर तीन दिवसांनी फोन आणि अंथरूण पंधरा मिनिटं अलीकडे आणायचं. बारावरून साडेनऊवर यायला दहा टप्पे, म्हणजे पूर्ण महिना. साडेनऊला झोपून साडेपाचला उठलं तरी आठच तास होतात, नऊ नाही, हे मला मान्य आहे. चौथीपर्यंतच्या शाळा नऊनंतर भरवायच्या, असं राज्य सरकारने 2024 साली सांगितलं, पण सहावी-सातवीच्या मुलांना तो आधार नाही.

एका रात्रीत फोन काढून घेणं

त्याच आईने माझं न ऐकता पहिल्यांदा हेच केलं होतं. सोमवारी फोन कपाटात, कुलूप. बुधवारपर्यंत पोरगा आजीच्या फोनवर, तेही पांघरुणात, आवाज बंद करून. झोप दीडवर गेली आणि त्या आठवड्यात तीनदा डोकं दुखलं. शिवाय तो आईशी बोलेना. मग आम्ही महिन्याच्या हिशेबाने पुन्हा सुरुवात केली. घरातल्या सगळ्यांचे फोन, बाबांचा आणि आजीचाही, रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचं ठरलं. सकाळी एक वाटी पोहे किंवा दुधासोबत पोळी खाल्ल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. पुढच्या महिन्यात दोनदा डोकं दुखलं. त्यातलं एक मामाच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी.

पाण्याची बाटली भरलेली परत येणं

पाणी कमी पडलं तरी डोकं दुखतं, म्हणून दप्तर उघडताना बाटली बघत जा. काही मुलं, विशेषतः मुली, शाळेच्या स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. हे मुलीला हळूच विचारा, आणि तसं असेल तर आम्हाला येऊन सांगा. सोय सुधारणं आमचं काम आहे.

डोकं दुखलं की गोळी

महिन्यातून पंधरा किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ साधी वेदनाशामक गोळी घेतली तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. पॅरासिटामॉलचं प्रमाण वयावर नाही, वजनावर ठरतं, तेव्हा मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊच नका. आठवड्यातून दोनदा गोळी लागत असेल तर डॉक्टरांकडे जा.

'नाटक करतो' म्हणणं

उजेड सहन होत नाही, मळमळ होते किंवा उलटी होते, अंधाऱ्या खोलीत झोपून उठलं की मूल खेळायला जातं. पालकांना हे नाटक वाटतं. हा मायग्रेन असू शकतो. मुलांमध्ये तो मोठ्यांसारखा एकाच बाजूला दुखेल असं नाही, बऱ्याचदा पूर्ण कपाळ दुखतं आणि दोन तासांतही थांबतं. आईला किंवा मावशीला हा त्रास असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. कमी झोप आणि उपाशी पोट यानेही तो उठतो, म्हणून वही इथेही कामाला येते.

सगळ्याचा दोष मोबाइलला देऊन थांबणं

यात धोका आहे. डोकेदुखीने मूल झोपेतून जागं होत असेल, सकाळी उठताच उलटी होत असेल, खोकताना किंवा वाकताना जास्त दुखत असेल, आठवड्यागणिक वाढत असेल, एकाचे दोन दिसत असतील किंवा चालताना झोक जात असेल, तर वही करत बसू नका, लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. झटका आला, तापासोबत मान आखडली, डोक्याला मार लागल्यावर दुखू लागलं, किंवा आयुष्यात कधी दुखलं नाही इतकं अचानक दुखलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट नागपुरातलं मेडिकल किंवा मेयो रुग्णालय गाठा. बाकी वेळी डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्या. "कधीपासून दुखतं, किती वेळा?" या त्यांच्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर तिच्यात लिहिलेलं असतं.